दिव्याच्या हंडीतले किडे, झुंबराचे लोलक आणि मधला इन्व्हर्टर

आजचा विषय तुमच्या डोक्यावरच लटकतोय. हॉलमधल्या काचेच्या हंडीकडे एकदा खालून बघा. तळाशी काळपट थर दिसतोय ना? ते मेलेले किडे आहेत.

आपल्याकडे, म्हणजे नगर, आता अहिल्यानगर, या उसाच्या पट्ट्यात हे जरा जास्तच होतं. वळवाचा पाऊस पडला की हुमणीचे भुंगेरे जमिनीतून वर येतात आणि दिवस मावळला की उडायला लागतात. त्यांना पकडायला शेतकरी प्रकाश सापळा लावतात. वर दिवा, खाली पसरट भांडं, भांड्यात पाणी आणि थोडं रॉकेल. आता तुमच्या हॉलमधली वरून उघडी, वाटीसारखी हंडी डोळ्यांसमोर आणा. दिवा आहे, भांडं आहे, फक्त रॉकेल नाही. भुंगेरा आत पडतो, गुळगुळीत काचेवरून त्याला वर चढता येत नाही आणि तो तिथेच मरतो. त्याच दिवसांत पंखवाली वाळवीही येते. ती पंख टाकून देते, म्हणून हंडीत पंखांचा वेगळा थर साचतो.

त्यामुळे पहिल्या पावसानंतर लगेच हंडी धुवू नका, आठवड्यात पुन्हा भरेल. भुंगेऱ्यांचा जोर ओसरला की धुवा आणि मग दिवाळीच्या आधी एकदा. भुंगेरे उडतात त्या दिवसांत संध्याकाळी तासभर तो दिवा बंद ठेवला तर निम्मं काम वाचतं. पांढऱ्याशुभ्र दिव्याऐवजी पिवळसर एलईडी लावला तरी किडे कमी येतात.

आता खरा धोक्याचा भाग. माझ्या मामांचं घर राहुरी तालुक्यात आहे. हॉलमध्ये काचेची हंडी, देवघरासमोर छोटं झुंबर आणि त्याला छत्तीस लोलक. मागच्या वर्षी सफाई काढली तेव्हा मामा म्हणाले, "मेन पाडलाय रे, चढ तू." मी म्हटलं, "मामा, थांबा. आधी दिव्याचं बटण चालू करून बघू." बटण दाबलं आणि दिवा लख्ख पेटला.

कारण इन्व्हर्टर. तुम्ही मेन पाडता तेव्हा इन्व्हर्टरला कसं कळणार की माणूस सफाई करतोय? त्याच्या दृष्टीने ते लोडशेडिंग. तो बॅटरीवरून पुन्हा २३० व्होल्ट सुरू करतो आणि घरातले दिवे बहुतेक वेळा त्याच्याच लाइनवर असतात. बरं, नुसतं इन्व्हर्टरचं पुढचं बटण बंद केलं तरी भागत नाही. मेन चालू असेल तर बरेच इन्व्हर्टर बाहेरून आलेली वीज तशीच पुढे पाठवतात. म्हणून दोन्ही एकाच वेळी बंद पाहिजेत, मेनही आणि इन्व्हर्टरही.

नुसतं भिंतीवरचं बटण बंद करणं का पुरत नाही? जुन्या वायरिंगमध्ये कधीकधी बटण फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेलं असतं. दिवा विझतो, पण होल्डरमध्ये फेज तशीच असते.

म्हणून आमची पद्धत अशी. दिव्याचं बटण चालू ठेवायचं, दिवा पेटलेला असू द्यायचा. मेन पाडायचा, इन्व्हर्टर बंद करायचा आणि दिवा विझलेला डोळ्यांनी बघायचा. घरात सगळ्यांना सांगून ठेवायचं की कोणी काही वर करू नका. मामी तर मीटरपाशीच खुर्ची टाकून बसल्या होत्या! मग बल्ब गार झाला की काढायचा आणि होल्डरच्या दोन्ही पिनांना टेस्टर लावायचा. पण टेस्टर स्वतः चालतोय का, हे मेन पाडायच्या आधीच एखाद्या चालू प्लगवर तपासून घ्या. बिघडलेला टेस्टरही पेटत नाही आणि आपल्याला वाटतं वीज नाही. उजेडात त्याची लाली दिसत नाही, तेव्हा हाताचा आडोसा करा. काम दिवसाच करायचं, कारण दिवे बंद असणार.

चढायला रंगारी वापरतात तसला घडीचा घोडा घ्या. टेबलावर स्टूल ठेवण्याचा प्रकार नको, कारण हंडी काढताना दोन्ही हात वर असतात आणि तोल सावरायला हात उरत नाही.

हंडी बहुतेक तीन छोट्या स्क्रूंवर अडकलेली असते. एक तळहात खाली ठेवून तिन्ही थोडे थोडे सैल करा. एकच पूर्ण काढलात तर हंडी तिरकी होऊन काठाला टवका उडतो.

खाली आणल्यावर पाणी लावायचं नाही. आधी वर्तमानपत्रावर कोरडेच किडे ओता आणि मऊ ब्रशने पंख झटका. कोरडे पंख सुटून येतात, ओले झाले की काचेला चिकटून त्यांचा लगदा होतो. हे करताना हातमोजे घाला आणि डोळ्यांना हात लावू नका. पावसाळ्यात दिव्याला मुंगीसारखा बारीक, नारंगी-काळा एक किडा येतो, पिडेरस नावाचा. तो कातडीवर चिरडला की भाजल्यासारखे फोड येतात आणि मेल्यावरही त्याचं विष लगेच जात नाही.

मग प्लॅस्टिकच्या टबात तळाला जुना टॉवेल, कोमट पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-चार थेंब. पंधरा मिनिटं भिजू द्या. चिकटलेले काळे डाग आपोआप ढिले होतात, तारेच्या घासणीची गरज नाही. उकळतं पाणी गार काचेवर ओतू नका, तडा जातो. हंडीवर सोनेरी किंवा रंगीत नक्षी असेल तर भिजवू नका, ओल्या फडक्याने पुसा. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग राहतात, म्हणून शेवटचं पाणी फिल्टरचं घ्या आणि लगेच कोरडं पुसा.

आता लोलक. बाजारात झुंबरावर खालून फवारायचे स्प्रे मिळतात. मला ते पटत नाहीत. पाणी दांड्यांवरून ओघळत होल्डरमध्ये शिरतं आणि आकड्या गंजतात. फवारायचंच असेल तर फडक्यावर फवारा. एका हातात सुती मोजा ओला, दुसऱ्या हातात कोरडा. लोलक दोन्हींत धरून आधी ओल्याने, मग लगेच कोरड्याने पुसायचा. झुंबर गरगर फिरवून समोर आणू नका. वरचा आटा उलगडू शकतो, आतली वायरही पिळते. झुंबर जागेवर, घोडा सरकवायचा.

मामांकडे मात्र थर इतका होता की लोलक उतरवावेच लागले. आधी चारही बाजूंनी मोबाइलवर फोटो काढले. लोलक अंड्यांच्या ट्रेमध्ये, एका खळग्यात एक, ज्या ओळीचे त्या ओळीत. धुताना टबात एका वेळी दोनच, म्हणजे एकमेकांवर आपटत नाहीत. छत्तीसपैकी पाच आकड्या गंजून बारीक झाल्या होत्या. ती तार पुन्हा वाकवली की तुटते, आज नाही तर महिन्याने, आणि लोलक खाली बसलेल्याच्या डोक्यावर येतो. त्या पाच नवीन तारेच्या केल्या.

परत बसवताना हंडीचे स्क्रू आवळून घट्ट करू नका. काचेला टेकले की थांबा. दिवा तापला की धातू आणि काच वेगवेगळ्या मापाने फुगतात, जागा नसेल तर तडा जातो. हंडी हाताने हलवून बघा. किंचित हलली पाहिजे, पण सुटता कामा नये. सगळं पूर्ण कोरडं झालं की बल्ब लावा, घोड्यावरून उतरा, आधी मेन उचला आणि मग इन्व्हर्टर.