शौचास बसण्याची रीत व पायाखालचा पाट
(केंद्रसंमेलनात शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय कित्येकांस व्यासपीठावरून बोलण्याजोगा वाटणार नाही. परंतु वर्गातील एखादे मूल दुपारनंतर अस्वस्थ होते, बाकावर वळवळते, क्वचित त्याचे कपडे खराब होतात आणि इतर मुले नाक मुरडतात, हा अनुभव आपणांपैकी बहुतेकांना असेल. अशा वेळी आपण काय करतो, याचा विचार व्हावा म्हणून हा विषय मी मुद्दाम निवडला आहे. मी स्वतः तरुणपणी वर्ग घेत असताना अशाच एका मुलास सर्वांदेखत रागावून दाराजवळ बसविले होते. तो हट्टी व घाणेरडा आहे, अशी माझी खात्री होती. ती चूक होती हे मला पुष्कळ वर्षांनी, माझ्याच नात्यातील एका मुलामुळे कळले.

माझी भाची ट्रॉम्बे येथे राहते. एका बाजूस खाडीकाठचा जुना कोळीवाडा आणि दुसऱ्या बाजूस 1954 साली स्थापन झालेली व 1967 पासून भाभांच्या नावाने ओळखली जाणारी अणुसंशोधन संस्था, असे ते ठिकाण आहे. भाचीचे कुटुंब पूर्वी तेथील एका चाळीत राहत असे. तेथे सामाईक शौचकूप होते व त्यांवर उकिडवे बसावे लागे. पुढे ती मंडळी नव्या इमारतीत राहावयास गेली. घरात शौचालय आले, पण ते कमोडचे होते. मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता. दोनतीन महिन्यांत तो चार-चार दिवस शौचास जाईनासा झाला. मग शाळेत त्याची चड्डी खराब होऊ लागली. वर्गात तो चेष्टेचा विषय झाला व शाळेतून तक्रार आली. भाचीने मला विचारले, “मामा, हा मुद्दाम करतो का हो?”

तो मुद्दाम करीत नव्हता. डॉक्टरांनी पोट तपासून सांगितले की, आतड्याच्या शेवटच्या भागात कडक मळाचा गोळा साठला आहे. तो भाग ताणला गेल्यामुळे मुलाला वेगाची जाणीवच नीट होत नाही, आणि गोळ्याच्या बाजूने पातळ मळ पाझरून कपड्यांना लागतो. म्हणजे ज्याला आपण निष्काळजीपणा किंवा जुलाब समजतो, ते पुष्कळदा बद्धकोष्ठाचेच लक्षण असते. डॉक्टरांनी मळ मऊ करणारे औषध दिले. नंतर त्यांनी एक प्रश्न विचारला, तो माझ्या लक्षात राहिला. “कमोडवर बसल्यावर ह्याचे पाय जमिनीला लागतात काय?”

ह्या प्रश्नाचे मर्म समजण्यास शरीराची थोडी रचना पाहावी लागेल. आपणां सर्वांना गोफण ठाऊक आहे. तशाच आकाराचा एक स्नायू आपल्या ओटीपोटात असतो. त्याची दोन्ही टोके पुढे जांघेच्या हाडास बांधलेली असतात व मधला पट्टा गुदाशयाच्या मागून जातो. हा पट्टा आतड्याला पुढे ओढून धरतो, त्यामुळे तेथे कोपरासारखा वाक पडतो व मळ आत थांबतो. दिवसभर तो थांबावा यासाठीच ही योजना आहे. उकिडवे बसले की मांड्या पोटाशी येतात, हा पट्टा सैल पडतो व वाक सरळ होऊ लागतो. खुर्चीवर बसल्याप्रमाणे बसल्यास वाक बराचसा कायम राहतो आणि माणसास कुंथावे लागते. 2010 साली जपानमधील संशोधकांनी 6 निरोगी व्यक्तींची क्ष-किरणांच्या साह्याने पाहणी केली. साध्या बैठकीत हा कोन सुमारे 100 अंश भरला, तर उकिडव्या बैठकीत सुमारे 126 अंश.

मुलाच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. त्याचे पाय अधांतरी लोंबत राहतात. आपण पडू या भीतीने ते दोन्ही हातांनी बैठकीच्या कडा धरते, मांड्या व कुल्ले आवळते. जे स्नायू सैल व्हावयाचे तेच ते ताणून धरते. त्यातच मोठ्यांच्या बैठकीचे भोक त्याच्या मानाने रुंद असते. अशा अवस्थेत एकदा शौचास दुखले की पुढच्या वेळी मूल वेग दाबते. दाबलेला मळ अधिक कडक होतो, अधिक दुखतो, आणि हे चक्र चालू राहते.

पायाखाली ठेवावयाच्या पाटाचा उपयोग येथे आहे. परंतु कोणताही पाट चालत नाही. भाचीच्या घरी प्रथम जेवणाचा पाट ठेवला, तो जेमतेम 5 सेंटीमीटर उंच होता. पाय तरीही लोंबतच राहिले. मग प्लास्टिकचे 30 सेंटीमीटर उंचीचे स्टूल आणले, तेव्हा मुलाचे गुडघे छातीशी आले, तोल मागे जाऊ लागला व एकदा स्टूल ओल्या फरशीवरून घसरले. शेवटी आम्ही मापे घेतली. कमोडच्या बैठकीची उंची जमिनीपासून 41 सेंटीमीटर होती. मुलाच्या पायाची लांबी, गुडघ्याच्या खोबणीपासून टाचेपर्यंत, 29 सेंटीमीटर भरली. वजाबाकी 12 आली. म्हणजे 12 सेंटीमीटरच्या पाटावर पाय टेकतील व मांड्या आडव्या राहतील. गुडघे कमरेहून थोडे वर यावेत म्हणून आम्ही त्यात 8 मिळविले व सुताराकडून 20 सेंटीमीटर उंचीचा पाट करून घेतला. पाय एकमेकांपासून दूर ठेवता यावेत म्हणून लांबी 45 सेंटीमीटर ठेवली आणि खाली चारी कोपऱ्यांस रबराचे तुकडे लावले. बैठकीवर मुलांसाठी मिळते ते लहान कडे बसविले. कडे घेतल्यास उंची त्याच्यासकट मोजावी, नाहीतर हिशेब चुकतो. आमचे 41 हे माप कड्यासकटच होते.

हाच हिशेब कोणत्याही मुलास लागू पडतो: बैठकीच्या उंचीतून पायाची लांबी वजा करावी व 5 ते 8 सेंटीमीटर मिळवावेत. मूल वाढते, म्हणून सहा महिन्यांनी पुन्हा माप घ्यावे. मोठ्या माणसाचे पाय मुळातच जमिनीस टेकतात, त्याला साधारण 15 ते 20 सेंटीमीटरचा पाट पुरतो. पाट योग्य आहे की नाही हे सहज ओळखता येते. दोन्ही तळवे पूर्ण टेकलेले असावेत, गुडघे कमरेच्या किंचित वर व एकमेकांपासून दूर असावेत, आणि हात सोडून कोपरे मांड्यांवर टेकवून पुढे वाकता यावे. मुलाला हात सोडवत नसतील, तर पाट सखल, फार उंच किंवा डळमळीत आहे असे समजावे. उलटी बादली किंवा सुट्या विटा कधीही ठेवू नयेत.

बसल्यावर श्वास कोंडून जोर करावयाचा नाही. लहान मुलास दिवा विझविल्यासारखी सावकाश फुंकर मारण्यास सांगावे, म्हणजे पोट पुढे येते व खालचे स्नायू सैल पडतात. वेळ जेवणानंतरची निवडावी, कारण पोटात अन्न गेल्यावर आतड्यांची हालचाल वाढते. पाच ते दहा मिनिटे पुरेत. झाले नाही तरी न रागावता उठू द्यावे.

आता ह्या उपायाची मर्यादाही सांगितली पाहिजे. पाटामुळे कमोडचे उकिडव्या शौचकूपात रूपांतर होत नाही. जपानमधील त्याच पाहणीत बसूनच मांड्या वर उचलल्या असता कोनात फारसा फरक आढळला नाही. उलट अमेरिकेत ओहायो येथील विद्यापीठाच्या 2019 सालच्या अभ्यासात 52 निरोगी लोकांनी दोन आठवडे पाटाविना व दोन आठवडे पाट घेऊन नोंदी ठेवल्या, तेव्हा दहापैकी नऊ जणांनी कमी कुंथावे लागल्याचे व सुमारे सात जणांनी वेळ कमी लागल्याचे सांगितले. हा त्यांचा स्वतःचा अनुभव होता, यंत्राचे माप नव्हे. म्हणून पाट हे साहाय्य समजावे, औषध समजू नये. आमच्या मुलाचा साठलेला गोळा औषधानेच गेला. ते पुढे चार महिने चालू ठेवावे लागले. मध्यंतरी बरे वाटते म्हणून घरच्यांनी ते बंद केले, तेव्हा पाट असूनही तक्रार परतली. पाटाने इतकेच केले की मुलाची बसण्याची भीती गेली. पण तेही थोडे नव्हे.

ज्यांच्या खुब्याचे शस्त्रकर्म झाले आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून गुडघे असे वर घेऊ नयेत. मुलाच्या मळात रक्त, पोट फुगणे, उलट्या, वजन घटणे किंवा अगदी तान्हेपणापासूनची तक्रार असेल, तर पाटाचा विचार न करता डॉक्टरांकडे पाठवावे.

आपण म्हणाल, आमच्या गावी उकिडवे शौचकूप आहेत, आम्हांस ह्याचे काय? परंतु दिव्यांग मुलांसाठी आपल्या अनेक शाळांत कमोड बसविले गेले आहेत, आणि तेथे बसणाऱ्या मुलाचे पाय टेकतात की नाही हे क्वचितच कोणी पाहिले असेल. ज्या मुलास पायांचा तोल सांभाळता येत नाही, त्याला तर टेकूची अधिक गरज आहे. त्याच्या पालकांच्या देखत माप घ्यावे, पाट करून घ्यावा व बाजूस धरावयास दांडी आहे का ते पाहावे. पाट रोज धुऊन कोरडा ठेवावा, आणि चाकाच्या खुर्चीच्या वाटेत येऊ नये म्हणून काम झाल्यावर बाजूस उभा करावा.

दुसरे असे की सुटीत आपली मुले मुंबईस नातलगांकडे जातात. सवय नसल्यामुळे काही मुले कमोडच्या कडेवर चढून उकिडवी बसतात. चिनी मातीचे ते भांडे तशा भारासाठी केलेले नसते. ते फुटल्यास त्याच्या धारदार तुकड्यांनी खोल जखमा होतात. कडेवर चढू नये, पायाखाली स्टूल मागून घ्यावे, एवढे सुटीपूर्वी वर्गात सांगण्यास दोन मिनिटे लागतात.

आणि शेवटची गोष्ट. कपडे खराब झालेले मूल समोर आले, तर त्याला सर्वांसमोर प्रश्न विचारू नयेत. शांतपणे बाहेर न्यावे, स्वच्छ होऊ द्यावे व त्याच दिवशी आईवडिलांना एकांतात विचारावे: शौचास किती दिवसांनी जातो, दुखते काय, आणि बसल्यावर पाय कोठे टेकतात. ज्या मुलाला मी दाराजवळ बसविले, त्याच्या घरी हे तीन प्रश्न मी विचारले नाहीत. आपण ते विचारावेत, एवढ्यासाठीच मी आज उभा राहिलो.