पैसा कोणाचा, निष्कर्ष कोणाचा?



एखाद्या संशोधनाचा दाखला कोणी दिला की आपण त्याचा निष्कर्ष पाहतो. खर्च कोणी केला, हे सहसा विचारत नाही. हा प्रश्न कसा विचारावा, आणि उत्तराचा अर्थ किती ताणावा, हे मला एका जुन्या प्रकरणावरून सांगायचे आहे.

1967 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये हार्वर्डच्या तीन पोषणतज्ज्ञांचा आढावालेख दोन भागांत आला. हृदयविकार टाळायचा तर आहारातले कोलेस्टेरॉल कमी करा आणि संपृक्त चरबीऐवजी असंपृक्त चरबी घ्या, एवढाच उपाय त्यात सांगितला होता. साखरेवरचा संशय जवळजवळ पुसला गेला. या लेखासाठी अमेरिकेतल्या साखर उद्योगाच्या ‘शुगर रिसर्च फाउंडेशन’ने साडेसहा हजार डॉलर दिले होते. आढाव्याचा हेतू ठरवण्यात संस्थेचा हात होता, विचारात घ्यायचे काही लेख तिने पुरवले आणि छापण्याआधीचे मसुदेही पाहिले. छापील लेखात यातले काहीच नव्हते. जुन्या पत्रव्यवहारातून ते 2016 साली उजेडात आले. त्या काळी असे जाहीर करण्याची सक्ती नव्हती. या नियतकालिकाने ती 1984 साली आणली.

या लेखात खोटे आकडे घातलेले नव्हते. गोम होती ती मोजपट्टीत. साखरेवर ठपका ठेवणारे लोकसंख्येचे अभ्यास आले की त्यांतल्या उणिवा बारकाईने काढल्या गेल्या. चरबीच्या बाबतीत ती कसोशी दिसत नाही. शिवाय रक्तातले कोलेस्टेरॉल हीच खरी खूण धरली गेली. साखरेचा परिणाम ट्रायग्लिसराइडवर जास्त दिसतो, पण ती खूणच बाजूला पडली.

म्हणून लगेच सगळा लेख केराच्या टोपलीत टाकावा का? नाही. संपृक्त चरबीबद्दलचा इशारा पुढच्या संशोधनातही टिकून राहिला आहे. 2018 साली काही इतिहासकारांनी दाखवले की उद्योगांचा पैसा तेव्हा सर्रास चाले आणि या शास्त्रज्ञांची मते पैशाच्या आधीपासूनच तशी होती. हा आक्षेप मला रास्त वाटतो. पण ज्याचे मत आधीच सोयीचे आहे त्यालाच काम देणे, हाही प्रभावच आहे.

औषधे आणि वैद्यकीय उपकरणांच्या चाचण्यांचा ‘कोक्रेन’चा 2017 चा आढावाही असाच सावध निष्कर्ष देतो. उत्पादकाच्या पैशावरच्या चाचण्यांत अनुकूल निष्कर्ष अधिक वेळा येतात, पण दर्जाच्या नेहमीच्या कसोट्यांवर त्या एकंदरीत कमी पडत नाहीत. कल येतो तो बहुधा प्रश्न निवडण्यात, तुलना ठरवण्यात आणि निकालाचा अर्थ लावण्यात.

तेव्हा लेखाच्या शेवटी दिलेला आर्थिक साहाय्याचा उल्लेख आधी वाचा. पैसे देणाऱ्याने आराखडा ठरवला का, मसुदा पाहिला का, हे शोधा. मग दोन्ही बाजूंच्या पुराव्याला एकच कसोटी लावली आहे का, ते तपासा. हितसंबंध नसलेल्या दुसऱ्या गटालाही तेच आढळले, तर विश्वास वाढवा. पैशाचा उगम कळल्याने निष्कर्ष खोटा ठरत नाही. तपासणी कुठून सुरू करायची, एवढे मात्र नक्की कळते.