आईची वाटी आणि डाएटिशियनचा कप



आईला मधुमेह निघाला, तेव्हा इथल्या डाएटिशियनने एक कागद हातात दिला. रात्रीच्या जेवणात ४५ ग्रॅम कार्बोहायड्रेट, म्हणजे १५ ग्रॅमचे तीन भाग. एक भाग म्हणजे ब्रेडची एक स्लाइस किंवा एक तृतीयांश कप शिजलेला भात. आई म्हणाली, "अरे, मी ब्रेड खातच नाही. आणि कप कुठला, चहाचा?"

माझा व्यवसायच आकडे जुळवण्याचा, म्हणून कागद आमच्या स्वयंपाकघराच्या भाषेत आणायला बसलो. तुम्हीही करू शकाल. एक मेजरिंग कप आणि एक किचन स्केल पुरे.

आधी वाटी मोजा. अमेरिकन कप साधारण २४० मिलीलीटरचा. आईची वाटी काठोकाठ पाण्याने भरून मेजरिंग कपात ओतली, तर भरली १६०. म्हणजे एक तृतीयांश कप, ८० मिलीलीटर, ही तिची अर्धी वाटी. भात दाबून भरू नका.

पोळीचा आकार फसवतो, म्हणून कणकेचा गोळा वजन करा. आईचा गोळा ५० ग्रॅमचा. त्यात पीठ ३० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे कार्बोहायड्रेट सुमारे २२ ग्रॅम: दीड भाग.

वरण शिजल्यावर मोजून उपयोग नाही, कारण कुणाचं पातळ, कुणाचं घट्ट. कोरडी डाळ मोजा. तुरीची २५ ग्रॅम डाळ म्हणजे एक भाग. आम्ही चौघांना १०० ग्रॅम डाळ लावतो आणि चार वाट्या वरण करतो, म्हणजे वाटीला एक भाग.

आता आईचं रोजचं ताट बघा. दोन पोळ्यांचे तीन भाग, वाटीभर भाताचे दोन, वरणाचा एक. झाले सहा, म्हणजे बरोबर दुप्पट! आणि ती म्हणत होती, "मी खातेच किती?"

नवीन ताट असं: एक पोळी, अर्धी वाटी भात, अर्धी वाटी वरण. दीड, एक आणि अर्धा, झाले तीन. पालेभाजी आणि काकडीची कोशिंबीर भरपूर. बटाट्याची भाजी असेल त्या दिवशी भात नाही.

भाकरीबद्दल एक सांगतो. "ज्वारी साखरेला चांगली" म्हणून आपण मोजत नाही. पण ६० ग्रॅम पिठाची एक भाकरी जवळजवळ तीन भागांची होते. भाकरी खा, पण मग त्या जेवणात भात आणि पोळी नको.

हे आकडे अंदाजाचे आहेत. खरं उत्तर ग्लुकोमीटर देतो: जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी तपासा आणि त्या दिवशीच्या ताटाशेजारी लिहून ठेवा. मात्र घरचं माणूस इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेत असेल, तर ताट अर्धं करण्याआधी डॉक्टरांना विचारा. औषध तेवढंच आणि जेवण निम्मं झालं, तर साखर एकदम खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होणं, ही त्याची लक्षणं.

आमचा कागद आता फ्रिजवर आहे, मराठीत. त्यात कप नाही, वाटी आहे.