पाचशे प्रती छापू की लागेल तशी एकेक? गुरुजींच्या पुस्तकाचा हिशोब

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो आणि गाव आणे, तालुका जुन्नर. आळेफाट्यावरून नगरकडे निघालात की घाट चढून वर येतं ते आणे. आज कोडिंग नाही. आज आजोबांचं पुस्तक छापताना मी आठ महिने ज्या एका प्रश्नावर अडकलो होतो, तेवढंच सांगणार आहे.

आजोबा प्राथमिक शिक्षक होते, त्यामुळे त्यांना घरातसुद्धा सगळे गुरुजीच म्हणतात. त्यांनी पठारावर वह्या भरल्यात. कोणती विहीर कोणी खांदली, १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला कोण कोण गेलं, सुकडी कुठे वाटली जायची, बैलांची नावं काय होती, असं सगळं. टाइप करून पानं लावली तर १६० पानांचं पुस्तक झालं, डेमी आकाराचं. गुरुजींचं म्हणणं एकच होतं. "पौषात रंगदास स्वामींच्या यात्रेला लोकांच्या हातात पडलं पाहिजे. पाचशे छाप." आणि पैसे द्यायचे होते माझ्या वडिलांनी, कांद्याच्या पट्टीतून. त्या वर्षी कांद्याचा भाव काय होता हे इथे सांगत नाही, रडू येईल.

माझं डोकं अर्थातच दुसरीकडे धावलं. म्हटलं, पाचशे कशाला? प्रिंट ऑन डिमांड आहे की. पीडीएफ अपलोड करायची, कोणी ऑर्डर दिली की एक प्रत छापून त्याच्या घरी जाते. गोडाऊन नाही, उधारी नाही, आगाऊ पैसे नाहीत. एका साइटवर पानांची संख्या आणि कागद टाकून बघितलं तर एका प्रतीचा छपाई खर्च आला १३० रुपये, कुरियर वेगळं. हे काम डिजिटल मशीनवर होतं, म्हणजे ढोबळमानाने आपल्या ऑफिसातल्या लेझर प्रिंटरचा मोठा भाऊ. त्याला प्लेट लागत नाही, म्हणून पहिली प्रत आणि शंभरावी प्रत जवळपास त्याच भावात पडते.

मग पुण्यातल्या एका ऑफसेट प्रेसमध्ये गेलो. तिथल्या काकांनी मला आधी 'फर्मा' शिकवला, आणि मंडळी, हा एक शब्द कळला की अर्धा विषय कळतो. डेमी पुस्तकात एका मोठ्या कागदावर दोन्ही बाजूंनी मिळून १६ पानं छापतात, मग तो कागद घड्या घालून कापतात. हा झाला एक फर्मा. आमची १६० पानं म्हणजे दहा फर्मे. प्रत्येक फर्म्याला दोन प्लेट, एकूण वीस. प्रत्येक फर्म्याचा एक कागद एका पुस्तकात जातो, आणि कागदाच्या एका रीममध्ये कागद असतात ५००. म्हणजे पाचशे प्रतींना प्रत्येक फर्म्यामागे बरोबर एक रीम. पाचशे हा आकडा छापखान्यात इतक्या सहज का बोलला जातो, ते मला तिथे उमगलं.

त्यांचं कोटेशन असं होतं. वीस प्लेटचे ५,००० रुपये. छपाईचे ७,०००. कागद दहा रीम, आणि मशीन सेट होताना शाई जुळेपर्यंत जो वाया जातो त्यासाठी आणखी दोन, असा ११,४००. रंगीत कव्हर लॅमिनेशनसकट ५,१००. बांधणी प्रतीला १२ प्रमाणे ६,०००. बेरीज ३४,५००, म्हणजे प्रत ६९ रुपयांना.

मी म्हटलं, काका, तीनशेच करा ना. ते हसले आणि कॅल्क्युलेटर माझ्याकडे सरकवला. तीनशे केल्या तरी प्लेट वीसच. छपाईचा दर हजार छापांवर असतो, तीनशे छापा नाहीतर हजार, ते सात हजार तेवढेच राहतात. सेटिंगला वाया जाणारा कागदही तेवढाच. कमी होतं ते फक्त बाकीचा कागद, बांधणी आणि कव्हरचं थोडंसं. तीनशे प्रतींचे २७,७०० झाले, म्हणजे एक प्रत ९२ ला. दोनशे पुस्तकं कमी घेऊन वाचले ६,८०० रुपये.

आणि याच गणिताची दुसरी बाजू म्हणजे हजाराचा मोह. "अजून सतरा हजार टाका आणि हजारच घ्या, बावन्न रुपयांना पडेल." हे वाक्य प्रत्येक नव्या लेखकाला ऐकवलं जातं, आणि त्यात खोटं काही नसतं. प्रतीचा भाव खरंच उतरतो. फक्त ती जास्तीची पाचशे पुस्तकं कोणाच्या घरात राहणार आहेत, ते कोटेशनमध्ये लिहिलेलं नसतं.

आता इंजिनिअर माणूस काय करणार? ३४,५०० भागिले १३०. आले २६५. म्हणजे २६५ पेक्षा कमी प्रती जाणार असतील तर एकेक छापणं स्वस्त, त्यापेक्षा जास्त जाणार असतील तर ऑफसेट. एक्सेल बंद केली आणि मला वाटलं, झालं.

झालं नव्हतं. किती प्रती जातील हेच मुळात माहीत नव्हतं. गावाच्या ग्रुपवर टाकलं, कोणाला हवंय? ९६ जणांनी 'मला पाहिजे' लिहिलं, अंगठे तर विचारूच नका. मग आठवड्याने यूपीआय नंबर टाकून आगाऊ पैसे मागितले. आले ६१ जणांचे. तुम्ही कधी पुस्तक काढणार असाल तर हा दुसरा आकडाच धरा, पहिला नाही.

एकसष्ट बघून मी म्हटलं, ऑफसेट कॅन्सल. तेव्हा वडील पहिल्यांदा बोलले. "अरे, ग्रुपवर आहेत ते शहरातले. ज्यांच्याबद्दल लिहिलंय ते ग्रुपवर आहेत का?" बरोबर होतं त्यांचं. यात्रेत आमटी-भाकरीच्या पंगतीतून उठलेला माणूस पुस्तक हातात घेणार, त्यात आपल्या वडलांचं नाव शोधणार आणि सापडलं तर खिशातून शंभराची नोट काढणार. तो घरी जाऊन साइटवर ॲड्रेस टाकून चार-पाच दिवस थांबणार नाही. आणि शंभरात विकायचं तर १३० ची प्रत चालतच नाही. साइटचा वाटा धरून मला किंमत २४० ठेवावी लागत होती. म्हणजे माझ्या भागाकारात दोन वेगवेगळी गिऱ्हाइकं एकाच खान्यात बसली होती. ६९ ची प्रत गावातल्या माणसासाठी, २४० ची अमेरिकेतल्या भाच्यासाठी. ती एकमेकांच्या बदली चालतच नाहीत.

तर पाचशे ऑफसेट ठरलं. पण त्याआधी मी दहा प्रती डिजिटलवर काढल्या, आणि या अख्ख्या प्रकरणात मी केलेलं शहाणपणाचं काम तेवढंच. ऑफसेटमध्ये चूक एकदा प्लेटवर गेली की ती पाचशे वेळा छापते. एकेक छपाईत पीडीएफ बदलली की पुढची प्रत सुधारलेली निघते. त्या दहा प्रती गावातल्या दहा म्हाताऱ्या माणसांना दिल्या, सोबत लाल पेन. आमचा मजकूर आधी जुन्या फॉन्टमध्ये टाइप झाला होता, नंतर युनिकोडमध्ये आणला. स्क्रीनवर मी चार वेळा वाचला होता. तरी 'शेतकऱ्यांनी' हा शब्द सगळीकडे 'शेतकर्यांनी' झाला होता, 'दऱ्या'च्या 'दर्या' झाल्या होत्या. मराठी पुस्तक कन्व्हर्ट केलं असेल तर हे 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' एकेक करून शोधा, डोळा ते सरळ वाचून पुढे जातो. शिवाय बांधणीत आतल्या बाजूचा समास गिळला जात होता, ओळीचा शेवट वाचायला पुस्तक फाकवावं लागायचं. तेही तिथेच दिसलं.

सगळं दुरुस्त करून फाइल प्रेसला दिली. छपाई झाल्यावर बांधणीआधी सुटे फर्मे बघायला या, असा फोन आला. मी म्हणणार होतो, राहू द्या, बांधून टाका. गुरुजी हट्टाने एसटीने पुण्याला आले. सहाव्या फर्म्यात, पान ८४ आणि ९१ वर, दोन विहिरींचे फोटो अदलाबदल झाले होते. एका विहिरीखाली दुसऱ्याच घराण्याचं नाव. चूक माझी होती, शेवटच्या फाइलमध्ये फोटो मीच बदलले होते. बाहेरच्याला हसू येईल, पण गावात विहीर कोणाची यावरून भाऊ भाऊ बोलत नाहीत. छापून निघालं असतं तर यात्रेत पुस्तक विकायला बसायची सोय राहिली नसती.

पण बांधणी झाली नव्हती, म्हणून तेवढा एकच फर्मा परत छापता आला. दोन प्लेट, छपाई आणि कागद मिळून २,३४० रुपये. बांधून झाल्यावर दिसलं असतं तर पाचशे पुस्तकांत चिठ्ठ्या चिकटवत बसलो असतो. त्यामुळे ऑफसेट करणार असाल तर प्रेसवाल्यांना आधीच सांगून ठेवा, सुटे फर्मे दाखवल्याशिवाय बांधू नका.

एकूण खर्च गेला ३६,८४० वर. म्हणजे शंभर रुपयांनी ३६९ प्रती गेल्या तर वडिलांचे पैसे परत. यात्रेच्या दोन दिवसांत १७४ गेल्या. आजपर्यंत ३१८. वाटल्या गेल्या ४०, कारण गुरुजी शाळेला आणि जुन्या विद्यार्थ्यांना पैसे मागत नाहीत. घरात १४२ शिल्लक. पैसे सुटायला अजून ५१ हव्यात. एका दुकानदाराने ठेवायला घेतो म्हटलं, पण ४० टक्के कमिशन मागितलं, म्हणजे आमच्या हातात ६० येणार आणि प्रत आता पडलीय ७४ ला. नको म्हटलं.

साइटवर तीच फाइल २४० ला ठेवलीय. तिथून १९ गेल्या, बहुतेक मुंबई आणि परदेशात. छपाई, साइटचा वाटा सगळं जाऊन प्रत्येकी थोडंच उरतं, पण त्या एकोणीस जणांना कुरियर करायला मला कुठे जावं लागलं नाही, हेही खरं.

उरलेले गठ्ठे माडीवर आहेत, भिंतीपासून लांब फळीवर, कारण आमच्याकडे ओल कमी असली तरी वाळवी आणि उंदीर आहेतच. आणि मागच्या महिन्यात गुरुजींना पान ११२ वर आणखी एक चूक सापडली, एका बैलाचं नाव. साइटवरची फाइल मी पाच मिनिटांत बदलली. माडीवरच्या १४२ प्रतींचं ते बघतायत. रोज दुपारी दहा-दहा पुस्तकं खाली आणतात आणि काळ्या पेनने एक काना मारतात.