आकार ओळखीचा, अक्षर परके

रशियात तयार झालेल्या चॉकलेटच्या वेष्टनाचा फोटो तुमच्या हाती आला आहे, आणि घरातल्या मुलाला शेंगदाणा चालत नाही, असे धरून चला. घटकांच्या यादीत एक शब्द दिसतो: АРАХИС. इंग्रजीला सरावलेला डोळा तो 'अपाक्स' असा काहीतरी वाचतो आणि पुढे सरकतो. वास्तविक इथला Р म्हणजे र, Х म्हणजे ख आणि С म्हणजे स. शब्द आहे 'आराखिस', म्हणजेच शेंगदाणा!

अर्थ शोधायला हाच शब्द आपण इंग्रजी कळफलकावर APAXUC असा टंकतो. И साठी जवळचे म्हणून U घेतो. बाकीची अक्षरे हुबेहूब दिसतात, तरी संगणकाला ती निराळीच. लॅटिन A चा क्रमांक U+0041, तर सिरिलिक А चा U+0410. त्यामुळे कोशात शब्द सापडत नाही आणि तो निरर्थक वाटतो.

म्हणून आधी लॅटिनमध्ये नसलेले अक्षर शोधावे. इथे ते И आहे. त्यावरून सगळा शब्द सिरिलिक ठरतो. यादीच्या आरंभीच्या СОСТАВ, म्हणजे 'घटक', या शब्दात मात्र असे एकही अक्षर नाही. तिथे शेजारचे शब्द पाहावेत. मग प्रत्येक अक्षर देवनागरीत उतरवावे: स-ओ-स-त-आ-व. शेवटी रशियन कळफलकावर शब्द टंकावा. भाषांतर त्यानंतर.