इंग्रजी चित्रपटाचे मराठी नामकरण : अध्यक्षीय भाषण

चित्रपटाच्या नावाला तीन कामे करावी लागतात. चित्रपट कोणत्या जातीचा आहे हे त्याने सुचवायचे, कथेतले रहस्य राखायचे आणि तिकीटखिडकीवर सहज उच्चारता यायचे. मूळ इंग्रजी नाव ही कामे इंग्रजीच्या बळावर करते. त्याचे शब्दशः भाषांतर झाले की अर्थ येतो, पण तीनपैकी एखादे काम मागेच राहते. १९७५ साली प्रदर्शित झालेल्या स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या ‘जॉज’ या चित्रपटाला मराठी नाव द्यायचे झाल्यास ही अडचण नेमकी कोठे येते ते दिसते.

पहिला मार्ग शब्दशः भाषांतराचा, आणि त्यातली अडचण वचनाची आहे. जबड्याचा वरचा आणि खालचा भाग मिळून इंग्रजीत अनेकवचन होते. मराठीत ते दोन्ही भाग मिळून ‘जबडा’ हा एकच शब्द होतो. ‘जबडे’ असे नाव दिले तर अनेक प्राण्यांचा चित्रपट असल्याचा समज होतो. म्हणजे कोशाप्रमाणे बरोबर असलेले भाषांतर येथे दिशाभूल करते. नुसते ‘जबडा’ हे व्याकरणात बसते, पण फलकावरचे चित्र नसेल तर ते दातांच्या दवाखान्याकडे किंवा मारामारीकडेही नेऊ शकते. त्यात समुद्र नाही आणि पुरेशी भीतीही नाही.

दुसरा मार्ग प्राण्याचेच नाव घेण्याचा. स्पेनमध्ये ‘शार्क’ या अर्थाचे ‘तिबुरोन’ आणि जर्मनीत ‘पांढरा शार्क’ या अर्थाचे नाव देण्यात आले. मराठीत ‘शार्क’ सर्वांना कळते, पण ते प्राणिशास्त्राच्या माहितीपटाचे नाव वाटते. ‘मुशी’ किंवा ‘मोरी’ हे किनाऱ्यावरचे शब्द तर आणखी अडचणीचे, कारण ते ऐकताच कोकणातल्या प्रेक्षकाला मासळीबाजार आणि कालवण आठवते. शिवाय चित्रपटाचा पूर्वार्ध शार्क फारसा न दाखवता भीती वाढवत नेतो. जे पडद्यावर लांबवले आहे ते नावात आधीच सांगितले तर ती रचना कमजोर होते.

तिसरा मार्ग भडक विशेषणाचा. मूळ कादंबरीचे लेखक पीटर बेंचली यांनीही ‘मृत्यूचा जबडा’ अशा अर्थाच्या नावाचा विचार करून शेवटी एकच शब्द ठेवला होता. मराठीत ‘काळाचा जबडा’ हा रुळलेला शब्दप्रयोग आहे, पण रुळलेला असल्यामुळेच तो कोणत्याही थरारपटाला चालेल.

फ्रेंच वितरकांनी ‘समुद्राचे दात’ या अर्थाचे नाव निवडले. त्यात प्राण्याचे नाव नाही, मात्र धोका कोठे आहे ते कळते. हाच विचार मराठीत ‘दर्याचा जबडा’ असा उतरतो. ‘समुद्राचा जबडा’ पाठ्यपुस्तकी वाटतो. ‘दर्या’ हा कोळ्यांच्या रोजच्या बोलण्यातला शब्द आहे, आणि ‘काळाचा जबडा’ या प्रयोगाची छाया त्यामागे आपोआप उभी राहते.

असे नाव निश्चित करण्यापूर्वी ते विभक्तीत चालवून पाहावे लागते. ‘जबड्यात’ हे अर्धवट सोडलेले नाव फलकावर चांगले भय निर्माण करते, पण ‘जबड्यातची दोन तिकिटे’ असे कोणी म्हणत नाही. ‘दर्याच्या जबड्याची दोन तिकिटे’ लांब असली तरी मराठी आहेत, आणि लोक बोलताना नुसते ‘जबडा’ म्हणतील; तेही चालते. नाव आधीच्या एखाद्या मराठी चित्रपटाचे तर नाही, हेही याच टप्प्यावर पाहिले जाते.

चित्रपटाचा पुढचा भाग निघाला तर नावाची कसोटी वेगळी असते. १९९० च्या ‘होम अलोन’चे ‘घरी एकटा’ हे भाषांतर सपाट होते, शिवाय त्यात एकाकीपणाचे दुःख येते. चित्रपट मात्र खोडकर मुलाचा आहे. फ्रान्समध्ये ‘आई, माझे विमान चुकले’ अशा अर्थाचे नाव दिले गेले. दुसऱ्या भागात मुलगा न्यूयॉर्कला पोहोचतो, तेव्हा फ्रेंच नावात ‘पुन्हा’ या अर्थाचा शब्द घालून काम भागले. मराठीत ‘घर’ नावात घेतले असते तर दुसऱ्या भागात ते खोटे ठरले असते. ‘दर्याचा जबडा’ मात्र १९७८ च्या दुसऱ्या भागालाही आकडा जोडून चालते, कारण तेथेही धोका समुद्रातच आहे.

‘टायटॅनिक’सारखे विशेषनाम मात्र बदलू नये. ते जहाजाचे नाव आहे आणि त्याची बुडण्याची कथा प्रेक्षकाला आधीपासून ठाऊक आहे. तेथे मराठीचे काम नावाखालच्या जाहिरातीच्या ओळीत करावे.