घाण्याचे तेल : रंग, वास आणि टिकण्याची मुदत

धार आणि देवास या जिल्ह्यांत खरिपाच्या शेतांवर आज सोयाबीनचे वर्चस्व असले, तरी त्या दाण्यात तेलाचा अंश जेमतेम 18 ते 20 टक्के असल्याने तो घाण्याला परवडत नाही. त्याचे तेल कारखान्यात हेक्झेन नावाच्या द्रावकात विरघळवून काढतात आणि नंतर ते रिफाइंड करावेच लागते. त्यामुळे माळव्यातील घाण्याचा विचार शेंगदाणा, तीळ आणि जवस यांच्याच आधारे करणे योग्य ठरते.

बाहेरून उष्णता न देता केवळ यांत्रिक दाबाने काढलेले, आणि नंतर फार तर पाण्याने धुऊन, निवळवून व गाळून घेतलेले तेल म्हणजे ‘थंड दाबाचे’ तेल होय. घाण्यात उखळीच्या आत लाट सावकाश फिरते, दाणा चिरडला जाऊन त्यातील तेल सुटते, आणि घर्षणाने थोडी ऊब निर्माण होत असली तरी ती मोठ्या एक्स्पेलरमधील उष्णतेच्या मानाने बरीच कमी राहते. तीळ गाळताना मधूनमधून थोडे पाणी शिंपडण्याची जुनी रीत आहे, कारण त्याने चोथा एकत्र बांधला जातो आणि तेल वेगळे होते. मात्र हेच पाणी प्रमाणाबाहेर गेले किंवा तेलात उरले, तर पुढे तेच तेल बिघडवते.

शेंगदाण्याचे गणित येथे तपशिलाने पाहणे उपयुक्त आहे. 100 किलो दाण्यांत 46 किलोच्या आसपास तेल असते, त्यांपैकी सुमारे 40 किलो हाती येते आणि उरलेले पेंडीत राहते. एक लिटर तेलाचे वजन साधारण 910 ग्रॅम भरते, म्हणजे एका लिटरसाठी जवळजवळ सव्वादोन किलो दाणे लागतात आणि सव्वा किलोहून अधिक पेंड मिळते. दाण्यांच्या किमतीतून पेंडीचे मोल वजा करून जी रक्कम उरते, तिच्याहूनही स्वस्त विकले जाणारे ‘घाण्याचे तेल’ संशयास्पदच मानले पाहिजे.

ताजे शेंगदाणा तेल सोनेरी पिवळे असते आणि त्याला दाण्याचा स्पष्ट वास येतो. ते फोडणीला, पिठल्याला आणि भरल्या वांग्यांना शोभते. रिफाइंड तेलापेक्षा ते लवकर धुरावत असल्याने तळणाच्या वेळी आच बेताची ठेवावी. कच्च्या तिळाचे तेल फिकट पिवळे, तर भाजलेल्या तिळाचे तपकिरी आणि उग्र वासाचे असते. लोणचे व चटणी हे त्याचे खरे क्षेत्र होय. जवसाचे तेल गडद पिवळे आणि किंचित कडवट असून ते तापवू नये, चटणीवर किंवा भाकरीवर कच्चेच घ्यावे.

या तेलांच्या टिकाऊपणातील फरक त्यांच्या घडणीतून येतो. स्निग्धाम्लांच्या साखळीत जितके दुहेरी बंध अधिक, तितका हवेतील प्राणवायू तेथे लवकर शिरतो आणि तेल खवट होते. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक भाग तीन दुहेरी बंध असलेल्या लिनोलेनिक आम्लाचा असतो, म्हणून उघडलेली बाटली शीतकपाटात ठेवून महिना-दीड महिन्यात संपवावी लागते. ती बिघडली की जुन्या रंगासारखा वास येतो आणि तोंडाशी चिकट थर जमतो. तिळात सेसमॉलसारखी नैसर्गिक संरक्षक द्रव्ये असल्याने त्याचे तेल सर्वांत चिवट ठरते. शेंगदाणा तेल बंद, काळोख्या, कोरड्या जागी साधारणपणे सहा महिने चांगले राहते, परंतु माळव्याच्या वैशाखात खिडकीजवळ ठेवलेल्या पारदर्शक बाटलीला ही मुदत लागू होत नाही.

येथे एक धोका स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. ओलसर साठवलेल्या दाण्यांवर वाढणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. त्याचा बराचसा भाग पेंडीत जात असला तरी काही अंश तेलात, विशेषतः तळाशी बसणाऱ्या गाळात उतरतो. रिफाइंड करताना क्षाराच्या प्रक्रियेने तो मोठ्या प्रमाणात निघून जातो, घाण्याच्या तेलातून मात्र निघत नाही. म्हणून घाण्याच्या तेलाची शुद्धता यंत्रापेक्षा दाण्यावर अधिक अवलंबून असते, आणि काळवंडलेले वा सुरकुतलेले दाणे निवडून न काढणाऱ्या घाण्याचे तेल कितीही सुवासिक असले तरी ते स्वीकारू नये. काही दिवस निवळवून कापडातून गाळल्यावरही चमचाभर तेल तापवताना तडतडले, तर त्यात पाणी उरले आहे असे समजावे.

बाटलीवर गाळपाची तारीख छापलेली नसेल, तर ग्राहकाने ती घाणेवाल्याकडे मागावी आणि एका महिन्यात संपेल इतकेच तेल एका वेळी घ्यावे.